दहा हे तीनपेक्षा मोठे: गझालींची शंका आणि बंद पडलेली जीभ

सन 1095. बगदादच्या निझामिया मदरशातले मुख्य अध्यापक वर्गात बसले आहेत. समोर विद्यार्थी. त्या काळात त्यांच्याकडे तीनशे जण शिकत होते, असं त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. मास्तरांनी मनाशी ठरवलंय की आज काहीही झालं तरी एक तरी धडा द्यायचा, निदान आलेल्या पोरांचं मन राखण्यासाठी. ते तोंड उघडतात आणि एक शब्दही फुटत नाही. घसा बसलेला नाही, जिभेला जखम नाही, तरीही आवाज नाही. घरी जेवायला बसलं तर घास उतरत नाही, पाण्याचा घोटही गिळवत नाही. हकीम येतात, नाडी बघतात आणि हात टेकतात. त्यांचं निदान असं, की दुखणं आधी मनात शिरलंय आणि तिथून शरीरात उतरलंय, तेव्हा मनावरचा भार हटेपर्यंत औषधाचा उपयोग नाही.

हे अध्यापक म्हणजे अबू हामिद मुहम्मद अल-गझाली. जन्म इराणमधल्या खुरासान प्रांतातल्या तूस गावचा, साधारण 1058 चा. वर सांगितलेला प्रसंग दुसऱ्या कुणी रंगवलेला नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी 'अल-मुन्किझ मिन अद-दलाल' नावाचं छोटं अरबी पुस्तक लिहिलं, त्यात तो आहे. नावाचा अर्थ साधारण 'भ्रमातून सोडवणारा'. पुस्तक एका बैठकीत वाचून होतं, पण त्यातली गुंतागुंत एका बैठकीत सुटत नाही. कारण त्यात संकटं दोन आहेत आणि बहुतेक जण ती एकच धरून चालतात. 'गझालींना शंका आली, मग ते सूफी झाले' हा जो एका ओळीचा सारांश सगळीकडे फिरतो, त्यात दोन्ही संकटांची खिचडी झालेली आहे. शंका ज्या संकटात आली ते वेगळं, आणि जीभ ज्या संकटात बंद पडली ते वेगळं.

आधी शंकेचं बघू.

गझाली सांगतात की लहानपणापासून एक गोष्ट त्यांना खुपायची. ख्रिश्चनांची मुलं ख्रिश्चन होतात, ज्यूंची ज्यू, मुसलमानांची मुसलमान. म्हणजे ज्याला आपण श्रद्धा म्हणतो ती बव्हंशी आईबापांकडून आणि गुरुजींकडून आलेली असते. मग आपल्याला जे 'माहीत' आहे, त्यातलं आपलं स्वतःचं किती आणि ऐकीव किती? हे तपासायचं तर आधी मोजपट्टी हवी. खात्रीचं ज्ञान कशाला म्हणायचं? त्यांनी लावलेली कसोटी फार कडक आहे. दहा हे तीनपेक्षा मोठे, हे मला माहीत आहे. आता कुणी येऊन म्हणालं, "नाही, तीन मोठे, आणि पुरावा म्हणून मी या काठीचा साप करून दाखवतो," आणि खरोखरच करून दाखवला, तर? गझाली म्हणतात, मी त्याच्या करामतीने थक्क होईन, पण दहा-तीनच्या बाबतीत माझा केसभरही गोंधळ होणार नाही. ज्या ज्ञानाला चमत्कारही हलवू शकत नाही, तेवढंच खात्रीचं.

ही मोजपट्टी घेऊन ते आपल्या डोक्यातलं सगळं सामान तपासायला बसले. परंपरेतून आलेलं सगळं पहिल्या फेरीतच बाद झालं. हातात उरल्या दोनच गोष्टी: इंद्रियांनी कळतं ते, आणि बुद्धीला स्वयंसिद्ध वाटतं ते.

इंद्रियांत सगळ्यात भरवशाचा डोळा. पण अंगणात काठी रोवून तिच्या सावलीकडे बघा. सावली स्थिर दिसते, डोळा शपथेवर सांगतो की ती हलत नाही. तासाभराने या, ती सरकलेली असते. तीही मध्येच कधी उडी मारून नाही; कणाकणाने, क्षणभरही न थांबता सरकत होती. तारा डोळ्याला सोन्याच्या दीनाराएवढा दिसतो, आणि भूमितीचं गणित सांगतं की तो पृथ्वीपेक्षा मोठा आहे. म्हणजे डोळ्याने दिलेला निकाल बुद्धीने रद्द केला. ठीक, इंद्रियांवर भरवसा नको. मग बुद्धीवर तरी टेकू या: दहा हे तीनपेक्षा मोठे, एकच गोष्ट एकाच वेळी असणं आणि नसणं शक्य नाही, वगैरे.

इथे पुस्तकातला सगळ्यात सुंदर परिच्छेद येतो. गझाली इंद्रियांनाच बोलायला लावतात. इंद्रियं म्हणतात, "तुझा माझ्यावर विश्वास होता की नाही? मग बुद्धी नावाची न्यायाधीश आली आणि तिने मला खोटं पाडलं. ती आली नसती तर तू जन्मभर मलाच खरं मानलं असतंस. आता बुद्धीच्याही वर एखादा न्यायाधीश बसलेला नसेल कशावरून? तो अजून समोर आला नाही, एवढ्यावरून तो नाहीच असं कसं म्हणतोस?"

गझालींना उत्तर सुचेना. तेवढ्यात स्वप्नाचा दाखला पुढे आला आणि कोंडी आणखी घट्ट झाली. झोपेत आपण कायकाय बघतो, आणि बघत असताना ते सोळा आणे खरं वाटतं. जागं झाल्यावर कळतं की त्याला बूड नव्हतं. मग ही जी जागेपणाची अवस्था आहे, तिच्यापुढे आणखी एक जाग असेल, आणि तिथून बघितल्यावर आजचं सगळं शहाणपण स्वप्नासारखं ठरेल, अशी शक्यता नाही का?

ही शंका युक्तिवादाने का काढता येत नाही, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. कोणताही पुरावा द्यायचा तर कुठून तरी सुरुवात करावी लागते, आणि ती सुरुवात म्हणजे हीच स्वयंसिद्ध विधानं. तराजूच खोटा आहे की काय अशी शंका आली, तर त्याच तराजूत वजन करून ती फिटत नाही. गझालींना हे स्वच्छ दिसलं. सुमारे दोन महिने ते या अवस्थेत होते. तोंडाने ते नेहमीचंच बोलत राहिले असणार, कारण ते बारकाईने लिहितात की बोलण्यात नव्हे, पण अवस्थेने मी त्या काळात पूर्ण संशयवादी होतो. या अवस्थेला ते आजार म्हणतात.

आजार बरा कसा झाला? इथे अनेक वाचकांची निराशा होते, विशेषतः युरोपातल्या देकार्त या तत्त्वज्ञाशी तुलना करत वाचणाऱ्यांची. देकार्तने पाचशेहून अधिक वर्षांनी जवळजवळ हाच जिना उतरून तळाशी एक पक्कं विधान शोधलं आणि त्यावरून पुन्हा वर चढला. गझाली असं काही विधान शोधत नाहीत. ते म्हणतात, हे पुराव्याने किंवा शब्दांच्या जुळवाजुळवीने झालं नाही. देवाने छातीत टाकलेल्या एका उजेडाने झालं. स्वयंसिद्ध गोष्टींवरचा भरवसा परत आला. बस, एवढंच. मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटत नाही. तराजूच्या दाखल्याने जे सिद्ध झालं होतं, त्याच्याशी ते प्रामाणिक आहे: या खड्ड्यातून स्वतःच्या शेंडीला धरून वर येता येत नाही, म्हणून आपण आलो असा आव ते आणत नाहीत.

आता लक्षात घ्या, या पहिल्या संकटानंतर त्यांचं आयुष्य तिळभरही बदललं नाही. हे संकट कधी आलं त्याचा सन ते देत नाहीत, पण त्यानंतर ते पुन्हा कामाला लागले, आणि काम होतं वादविवादाचं.

त्या काळातला वादविवाद म्हणजे काय, हे थोडं डोळ्यांसमोर आणायला हवं. अरबीत त्याला 'मुनाझरा' म्हणत. वजीर किंवा अमीर बसलेला, दोन विद्वान समोरासमोर, भोवती बघ्यांची गर्दी. प्रश्न कायद्याचा असो की धर्मशास्त्राचा, प्रतिपक्षाने मान्य केलेल्या विधानातूनच त्याला पेचात पकडायचं आणि निरुत्तर करायचं. जो जिंकेल त्याला नेमणूक, मानधन, शिष्य. गझाली या आखाड्यातले पट्टीचे मल्ल. निशापूरला जुवैनी या नामांकित गुरूंकडे शिकले, 1085 मध्ये गुरू वारल्यावर सेल्जुक साम्राज्याचा वजीर निझाम अल-मुल्क याच्या दरबारी गेले, आणि तिथल्या सभा जिंकत जिंकत 1091 मध्ये त्याने त्यांना बगदादच्या निझामियात सर्वोच्च जागेवर नेमलं. तेव्हा वय तेहतीसच्या आसपास.

बगदादेत त्यांनी सत्य सांगतो म्हणणाऱ्यांच्या चार टोळ्या एकेक करून तपासल्या. पहिले कलामवाले, म्हणजे श्रद्धेच्या बचावासाठी युक्तिवाद करणारे. त्यांच्यावरचा शेरा मार्मिक आहे: त्यांचं शास्त्र त्यांच्या कामाला पुरेसं आहे, माझ्या दुखण्याला नाही. कारण ते प्रतिपक्षाकडून उसनी घेतलेली विधानं वापरतात, आणि मला तर दहा-तीनसारखं काही हवं होतं. दुसरे बातिनी, म्हणजे इस्माइली शिया. ते म्हणत की बुद्धी भरकटते, म्हणून न चुकणाऱ्या एका इमामाकडूनच शिकलं पाहिजे. गझालींचा सवाल साधा होता: बरं, शिकायला तयार आहे, तुमच्या इमामाने तुम्हाला काय शिकवलं ते सांगा. तिथे गाडी अडायची.

तिसरे तत्त्वज्ञ, म्हणजे ग्रीकांची परंपरा चालवणारे, इब्न सीना वगैरे. मदरशाच्या कामातून उरलेल्या वेळात, कुणी शिकवणारा नसताना, गझालींनी दोनेक वर्षांत हे सगळं वाचून काढलं आणि आणखी वर्षभर त्यावर विचार केला. मग त्यांच्यावर 'तहाफुत' हा टीकाग्रंथ लिहिला. त्यामुळे 'विज्ञानाचा शत्रू' असा शिक्का त्यांच्यावर बसला आहे, आणि तो मारणाऱ्यांनी मुन्किझमधलं गणितावरचं पान वाचलेलं नसतं. तिथे ते म्हणतात की गणितापासून दोन धोके आहेत. एक, गणितातली अचूकता बघून माणूस समजतो की या लोकांचं देवाबद्दलचं बोलणंही तितकंच अचूक असणार. दुसरा धोका धर्माच्या अडाणी मित्राकडून. त्याला वाटतं की धर्म राखायचा तर ग्रहणाचं गणितही खोटं म्हटलं पाहिजे. ज्याला ते गणित कळतं तो या मित्राचं बोलणं ऐकतो आणि गणित सोडत नाही. त्याचा धर्मावरचाच विश्वास उडतो. धर्माचं याहून मोठं नुकसान शत्रूही करत नाही, असा गझालींचा रोख आहे.

तत्त्वज्ञांची पुस्तकं वाचावीत का, यावरही त्यांचं उत्तर बाजारातलं आहे. खरा सराफ खोटी नाणी पाडणाऱ्याच्या थैलीत बेलाशक हात घालतो आणि त्यातलं खरं नाणं वेचून काढतो. नवशिक्याने घालू नये. आणि गारुड्याने आपल्या लहान पोरासमोर साप हाताळू नये, कारण पोराला वाटतं आपणही बापासारखेच.

उरले सूफी. आणि इथे मामला बदलला.

आधीच्या तीन ठिकाणी गझालींची रीत एकच होती: वाचायचं, समजून घ्यायचं, त्यांच्यातल्या जाणकारांपेक्षा जास्त समजून घ्यायचं, आणि मग निकाल द्यायचा. सूफींचीही पुस्तकं त्यांनी तशीच वाचली, अबू तालिब अल-मक्की, मुहासिबी, जुनैद, शिबली, बायझीद यांचं जे काही मिळालं ते. आणि वाचून संपल्यावर लक्षात आलं की इथे वाचन संपल्यावर काहीच संपत नाही. ते दाखला देतात तो दारूचा. दारू म्हणजे काय, पोटातून वाफ चढून मेंदूवर कशी परिणाम करते, ही व्याख्या पाठ असणं वेगळं आणि नशा चढणं वेगळं. झिंगलेल्या माणसाला व्याख्या माहीत नसते, आणि व्याख्या माहीत असलेला शुद्धीत असतो. वैद्य आजारी पडला तर आरोग्याची व्याख्या त्याला तोंडपाठ असते, आरोग्य मात्र नसतं. आपल्याकडे याला बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात. अरबीत यासाठी त्यांचा शब्द आहे 'झौक', म्हणजे चव. पुस्तकातून मिळण्यासारखं होतं ते त्यांनी मिळवलं होतं. उरलेलं चाखायचं तर आयुष्यच बदलायला हवं होतं.

दुसरं संकट ते हे. यात शंकेला जागाच नाही. देव, प्रेषित आणि शेवटचा न्याय यांवर आपला पक्का विश्वास बसला होता, हे ते मुद्दाम नोंदवतात. काय करायला हवं ते कळलेलं होतं. करवत नव्हतं.

त्यांनी स्वतःची झडती घेतली. मी काय शिकवतो? परलोकाच्या वाटेवर उपयोगी नसलेल्या गोष्टी. कशासाठी शिकवतो? इथे उत्तर आलं ते त्यांनी लपवलं नाही: देवासाठी नाही; मोठेपणासाठी, नाव पसरावं म्हणून. मग त्यांना वाटू लागलं की आपण ढासळत्या दरडीच्या काठावर उभे आहोत. रोज सकाळी ठरायचं की बगदाद सोडायचं, आणि संध्याकाळी वासनांची फौज येऊन ते मोडून काढायची. एक पाय पुढे, दुसरा मागे. सैतान म्हणायचा, ही लहर आहे, लवकर उतरेल. आणि एवढी निर्वेध, कुणाची कटकट नसलेली जागा एकदा सोडलीस तर पुन्हा हवीशी वाटली तरी मिळायची नाही. हे वाक्य वाचताना मला दर वेळी हसू येतं, कारण सैतान इथे अगदी समजूतदार नातेवाइकासारखा बोलतो.

ही ओढाताण हिजरी 488 च्या रजब महिन्यापासून, म्हणजे 1095 च्या जुलैपासून, काही महिने चालली. आणि मग जीभ बंद पडली. बंद काय पडलं ते बघा. ज्या अवयवावर सगळं नाव उभं होतं, ज्याने सभा जिंकल्या, नेमकं तेच हत्यार. गझाली लिहितात की इथवर निवड माझ्या हातात होती. इथून पुढे ती सक्ती झाली. स्वतःला काही करता येत नाही हे पुरतं कळल्यावर ते देवाकडे वळले, आणि पद, पैसा, मुलं, मित्र यांकडे पाठ फिरवणं मनाला सोपं झालं.

पण निघणं सोपं नव्हतं. खलिफाला आणि मित्रांना कळलं असतं की हा कायमचा चालला, तर अडवलं असतं. म्हणून त्यांनी मक्केला हजला जातो असं सांगितलं. मनात होतं शाम, म्हणजे सीरिया. स्वतःची आणि मुलांची सोय होईल एवढं ठेवून बाकी संपत्ती वाटून टाकली. इथेही कायदेपंडित जागा आहे: इराकमधला पैसा हा मुसलमानांसाठीच्या धर्मादायाचा असल्याने विद्वानाने कुटुंबासाठी घ्यायला याहून चांगला पैसा नाही, असा खुलासा ते लगेच देऊन टाकतात. 1095 च्या नोव्हेंबरात ते बाहेर पडले. बगदादेत चर्चा उठली. धार्मिक कारणाने कुणी एवढं पद सोडील यावर लोकांचा विश्वासच बसेना.

दमास्कसला जवळजवळ दोन वर्षं, असं ते सांगतात. तिथल्या मशिदीच्या मिनारावर चढायचं, दार आतून लावून घ्यायचं आणि दिवसभर तिथेच राहायचं. पुढे जेरुसलेमला खडकावरच्या घुमटात, म्हणजे 'डोम ऑफ द रॉक'मध्ये, तसंच. मग हेब्रॉनला इब्राहिमच्या कबरीचं दर्शन, मग हज. शेवटी मुलांच्या हाकेने ते गावी, तूसला परतले, आणि तिथेही शक्य तेवढा एकांत धरून राहिले. सगळी मिळून अकरा वर्षं. या वर्षांत काय अनुभवलं त्याचं वर्णन ते करत नाहीत. जे झालं ते झालं, चांगलंच समजा आणि तपशील विचारू नका, अशा अर्थाचा एक जुना शेर टाकून मोकळे होतात.

दार लावून नेमकं काय करायचं, याचा अंदाज मात्र त्याच काळात लिहिलेल्या 'इह्या उलूम अद-दीन' या त्यांच्या चाळीस भागांच्या ग्रंथातून येतो. त्यातला एक भाग स्वतःवर नजर ठेवण्याबद्दल आहे, आणि तो वाचताना एखाद्या पेढीवर बसल्यासारखं वाटतं. व्यापारी भागीदाराशी जसं वागतो, तसं बुद्धीने मनाशी वागायचं. सकाळची नमाज झाली की आधी करार: आज माझं भांडवल म्हणजे हा एक दिवस, तो गेला की मुद्दलच गेलं; डोळ्याने, जिभेने, पोटाने काय करायचं नाही ते आत्ताच ठरवू. मग दिवसभर पाळत, कारण भागीदार लबाड आहे. रात्री हिशेब: फर्ज कामं ही मुद्दल, त्यावरची नफा, चुका तोट्याच्या खाती. तोटा निघाला तर भागीदाराला मोकळं सोडायचं नाही, दंड लावायचा. शिवाय दुसऱ्या दिवशी जास्तीचं काम आणि कानउघाडणी. याच भागात चोवीस पेट्यांची कल्पना आहे. प्रत्येक दिवसाच्या चोवीस तासांच्या चोवीस पेट्या शेवटी माणसासमोर उघडल्या जातील. काही उजेडाने भरलेल्या असतील, काही अंधार आणि दुर्गंधीने, आणि काही नुसत्या रिकाम्या, म्हणजे झोपेत आणि गाफीलपणात गेलेले तास. रिकामी पेटी बघून होणारी हळहळ ही मोठा सौदा हातचा घालवलेल्या व्यापाऱ्याची हळहळ.

वादविवादाबद्दलही त्यांनी तिथे लिहून ठेवलं आहे, आणि ते आतल्या माणसाने लिहिलं आहे हे कळतं. सत्य शोधणाऱ्याची अवस्था हरवलेलं जनावर शोधणाऱ्यासारखी असावी. ते मला सापडलं की माझ्या सोबत्याला, याने काय फरक पडतो? मग स्वतःची परीक्षा अशी घ्यायची: समोरच्याच्या तोंडून सत्य बाहेर पडलं तेव्हा मी आभार मानले की माझा चेहरा उतरला? आणि हीच चर्चा चार भिंतींत करायला मला आवडली असती, की लोकांसमोरच हवी होती? या दोन प्रश्नांत नापास झालेल्यांमध्ये हेवा, डूख धरणं, परनिंदा, दुसऱ्याचे दोष हुडकत बसणं हे सगळं मागोमाग येतं, असं ते एकेक करून दाखवतात. तर्काला ते नावं ठेवत नाहीत. बिघाड ते तर्काच्या मागच्या भुकेत शोधतात.

आता थोडा संशय आपणही घेऊ या. या लेखकासमोर तो शोभतो. मुन्किझ हे त्या काळी लिहिलेलं रोजनिशीचं पान नाही. घटनेला दशक उलटून गेल्यावर ते लिहिलं गेलं, तेही पुन्हा सरकारी मदरशात शिकवायला लागल्यावर, टीकाकार पाठीमागे असताना. चार टोळ्या, आणि शेवटच्या टोळीशी गाठ पडल्यावर सुटका, ही मांडणी जरा जास्तच नीटस आहे. सूफी मंडळींशी त्यांचा संबंध तरुणपणी तूसमध्येच आलेला होता. काही अभ्यासकांनी वेगळंच कारण सुचवलं. 1092 मध्ये निझाम अल-मुल्कचा खून झाला, तो बातिनींनी केला असं मानलं जातं, आणि गझालींनी तर खलिफाच्या सांगण्यावरून बातिनींविरुद्ध ग्रंथ लिहिला होता. तेव्हा जिवाच्या भीतीने ते पळाले असतील. पण बगदाद सोडल्यानंतरही ते बातिनींविरुद्ध लिहीतच राहिले. भ्यालेला माणूस तसं करत नाही. सुलतानाच्या घराण्यात वारसाहक्काची लढाई पेटलेली होती आणि दरबाराशी जवळीक असलेल्या माणसाला तिची झळ लागत असणार, हे मात्र नाकारता येत नाही.

शिवाय एक बाहेरचा साक्षीदार आहे. निशापूरचा अब्द अल-गाफिर अल-फारिसी गझालींना आधीपासून ओळखत होता. तो लिहितो की पूर्वी हा माणूस उर्मट होता, लोकांकडे तुच्छतेने बघायचा, आपल्या वाणीच्या आणि बुद्धीच्या तोऱ्यात असायचा. परतल्यावर नम्र झालेला बघून फारिसीला आधी वाटलं की हे सोंग आहे. मग अनेकदा भेटून, पारखून, त्याची खात्री झाली की सोंग नाही. मित्राने केलेल्या स्तुतीपेक्षा हे मला जास्त भरवशाचं वाटतं.

1106 मध्ये निझाम अल-मुल्कचा मुलगा फख्र अल-मुल्क, जो आता वजीर होता, त्याच्या आग्रहाने गझाली निशापूरच्या निझामियात शिकवायला आले. लोक म्हणाले असणार, बघा, परत आलेच ना. त्यावर मुन्किझमध्ये त्यांचं उत्तर आहे: मी शिकवण्याकडे परतलो, तरी मी परतलेलो नाही, कारण परतणं म्हणजे होतो तिथे जाणं. तेव्हा मी ज्याने मोठेपणा मिळतो ते शिकवत होतो, आज ज्याने मोठेपणा सोडता येतो ते शिकवतो. मला हे वाक्य बरोबर वाटतं आणि किंचित वकिलीही वाटतं. आखाड्यातला मल्ल पूर्ण मेला नव्हता.

तो कितपत मेला होता, याचा एक लेखी दाखला शेवटच्या वर्षांतल्या एका फारसी पत्रात आहे. तोवर निशापूर सोडून ते तूसला स्वतःच्या छोट्या मदरशात शिकवत होते. बगदादच्या निझामियातली तीच सर्वोच्च खुर्ची रिकामी झाली आणि बोलावणं आलं. गझालींनी नम्रपणे नकार कळवला आणि कारणं दिली. इथे दीडशे विद्यार्थी आहेत, त्यांना बगदादला येणं परवडायचं नाही. पूर्वी मी एकटा आलो होतो, आता बायकामुलं आहेत. आणि हिजरी 489 मध्ये हेब्रॉनला इब्राहिमच्या कबरीपाशी मी तीन गोष्टींची शपथ घेतली आहे: सुलतानाचा पैसा घेणार नाही, सुलतानाला सलाम करायला जाणार नाही, आणि मुनाझरा करणार नाही. बगदादेत राहायचं तर यातलं काहीच टाळता येणार नाही.

1111 च्या डिसेंबरात ते तूसमध्येच वारले.